दोघींची डायरी आणि नव्वद दिवस

आमची पहिली डायरी कागदाची होती. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, एक आठवडा माझ्याकडे तर एक आठवडा तिच्याकडे. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा वही तिच्या घरी होती, खालच्या खोलीतल्या फडताळात. पाणी ओसरल्यावर फडताळ उघडलं तर आत लगदा. आम्ही दहावीत होतो. दोन दिवस हळहळलो आणि विसरून गेलो.

दुसरी डायरी इंटरनेटवर लिहिली आणि ती मात्र विसरता येईना. ती पुसायला आम्हा दोघींना या वर्षी जवळजवळ दोन महिने लागले. पुसणं म्हणजे एक बटण दाबणं, असंच मला वाटत होतं. ते बटण आमच्या कामात अगदी शेवटी आलं. त्याआधी काय काय करावं लागलं ते इथे सांगते, कारण २००४ ते २०१० च्या सुमारास ज्यांनी कोवळ्या वयात असं काही लिहून ठेवलंय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं लिखाण अजून जागेवर असणार.

डायरीत आम्ही नावं लिहीत नव्हतो. मी ‘क’ आणि ती ‘ज्ञ’, बाराखडीची दोन टोकं. जून २००६ मध्ये दहावीची परीक्षा आणि निकालाची धाकधूक संपल्यावर सायबर कॅफेत बसून ‘ब्लॉगर’ या मोफत सेवेवर खातं उघडलं. जीमेल तेव्हा निमंत्रणाशिवाय मिळत नसे आणि ब्लॉगरचं स्वतःचं वेगळं नाव-पासवर्ड असे. मराठी टाइप करायची सोय कॅफेतल्या मशीनवर नव्हती, म्हणून सगळं रोमन लिपीत, मोबाइलवरच्या मेसेजसारखं. बारावी संपेपर्यंत, म्हणजे जून २००८ पर्यंत, २१४ नोंदी झाल्या. १३१ तिच्या, ८३ माझ्या. पत्ता कुणाला सांगितलेला नाही म्हणजे कुणाला सापडणार नाही, अशी आमची समजूत. कुलूप न लावता घराचा पत्ता लपवण्यातला हा प्रकार होता.

या वर्षी मार्चमध्ये ज्ञच्या बहिणीची मुलगी, आठवीतली, शाळेच्या प्रकल्पासाठी सांगलीच्या पुराची माहिती शोधत होती. २०१९ चा पूर मोठा, त्याच्यावर खूप काही मिळालं. २००५ चं शोधताना तिला एक रोमन मराठीतलं पान सापडलं. पहिलीच नोंद पुरात गेलेल्या वहीची होती. खाली घराचा फोटो, आणि फोटोत कठड्यावर बसलेली मावशी. पोरीनं जेवताना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतलं.

ज्ञचा रात्री फोन आला. “अगं, आपली डायरी अजून आहे. डिलीट मारूया?”

मी म्हटलं, “थांब. आधी वाचूया तरी.”

वाचलं आणि दोघींचाही आवाज बसला. स्वतःबद्दलचं काही नाही, ते नुसतं हसू येण्यासारखं होतं. वर्गातल्या एका मुलीबद्दल आम्ही नावानिशी लिहिलं होतं. तिची आई घरी पोळ्या लाटून डबे द्यायची. मुलीच्या दप्तराला कणकेचा वास येतो, तिचा एकच ड्रेस आहे, तिचे वडील कुठे असतात, असं बरंच काही. सोळा वर्षांच्या दोन मुली किती दुष्टपणे लिहू शकतात याचा नमुना. डायरी आमची होती, पण तिच्यात आमच्याशिवाय आणखी अकरा माणसं राहत होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पहिलं काम त्याच रात्री केलं आणि ते बरोबर होतं. ब्लॉगरच्या `Settings` मध्ये `Reader access` नावाची जागा आहे. तिथे `Public` ऐवजी `Private to authors` केलं की पान लिहिणाऱ्यांशिवाय कुणालाही दिसत नाही. हे पुसणं नव्हे, दार लोटून घेणं. पण घाईत काही कायमचं करून बसण्यापेक्षा दार लोटून शांतपणे विचार करणं चांगलं. हे बटण ज्ञनंच दाबलं, कारण मला ते दिसतच नव्हतं.

याचं कारण जुनं होतं. २००७ मध्ये ब्लॉगरची जुनी खाती गूगलच्या खात्यांना जोडायची वेळ आली तेव्हा ज्ञनं डायरी तिच्या खात्याला जोडली आणि मला नव्यानं आमंत्रण पाठवलं. त्यात ती `Admin` झाली आणि मी `Author`. या दोन शब्दांतला फरक आम्हाला तेव्हा कळलाही नव्हता. `Author` ला फक्त स्वतःच्या नोंदी बदलता किंवा काढता येतात. `Admin` ला सगळंच करता येतं, अख्खी डायरी उडवण्यापर्यंत. म्हणजे अठरा वर्षं ही डायरी दोघींची आहे असं मी समजत होते, आणि मशीनच्या हिशेबी ती एकटीची होती. तिनं न विचारता उडवली असती तर माझ्या ८३ नोंदी गेल्याचं मला कळलंही नसतं.

कायदा इथे मशीनपेक्षा वेगळं बोलतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखनाची व्याख्या आहे. एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, असं लिखाण म्हणजे संयुक्त. आमच्या डायरीत प्रत्येक नोंदीखाली क किंवा ज्ञ होतं, तेव्हा ज्याची नोंद त्याची मालकी. एकाच खुर्चीवर दोघींनी बसून लिहिलेल्या सात-आठ नोंदी तेवढ्या खऱ्या अर्थानं सामाईक. कोर्टात जायचा प्रश्न नव्हताच, पण हे कळल्यावर बोलणं सोपं झालं. तिच्या नोंदी ठेवायच्या की नाहीत हे ती ठरवेल, माझ्या मी ठरवीन आणि त्या मुलीबद्दलच्या नोंदींवर दोघींपैकी कुणाचाच हक्क नाही.

मला प्रत हवी होती, तिला नको होती. यावर आमचं थोडं वाजलंही. शेवटी ठरलं की प्रत काढायची, त्या अकरा जणांची नावं त्यातून काढायची आणि मग मूळ उडवायचं.

`Settings` मध्येच खाली `Back up content` आहे. ते दाबलं आणि एक XML फाईल उतरली. त्यात सगळ्या नोंदी, तारखा आणि लोकांच्या प्रतिक्रियाही असतात. दीड एमबीच्या आत दोन वर्षं मावली. इथे बहुतेक लोक फसतात, मीही फसणार होते. त्या फाईलमध्ये फोटो नसतात. फोटोच्या जागी फक्त त्याचा इंटरनेटवरचा पत्ता असतो. मूळ फोटो पुसला की प्रतीतली जागा रिकामी. उलट्या बाजूनंही एक गाठ आहे: नोंद उडवली म्हणून तिच्यातला फोटो उडत नाही. तो वेगळी फाईल म्हणून पडून राहतो आणि ज्याच्याकडे थेट पत्ता असेल त्याला उघडताही येतो. म्हणून आमचे ३७ फोटो आधी एकेक करून उतरवून घेतले. मग `Media from your blog` या जागी जाऊन तिथून वेगळे पुसले.

प्रत नीट निघाली आहे हे कसं ओळखायचं? फाईल उघडते एवढ्यावर समाधान मानू नये. ज्ञनं एक नवी, फक्त स्वतःला दिसणारी डायरी उघडली आणि `Import content` वापरून ती फाईल तिच्यात ओतली. नोंदी मोजल्या, २१४ भरल्या. तारखा जुळल्या. मग ती चाचणीची डायरी उडवली. ही पायरी विसरू नका, नाहीतर पुसायला एकाच्या दोन डायऱ्या होतात.

नावं काढणं सर्वांत किचकट निघालं. देवनागरीत एकच नाव एकाच तऱ्हेनं लिहिलं जातं. रोमनमध्ये आम्ही त्या मुलीचं नाव तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनं लिहिलं होतं, शिवाय टोपणनाव, शिवाय नुसतं ‘ती पोळीवाली’. शोधा-आणि-बदला करून भागेना. अखेर अख्खी फाईल दोघींनी फोनवर एकमेकींना वाचून दाखवली.

तेव्हाच ती प्रतिक्रिया सापडली.

फाईलमध्ये काही सापडलं नसतं कदाचित, पण मी सवयीनं `Comments` वर गेले आणि तिथे `Awaiting moderation` हा कप्पा दिसला. प्रतिक्रिया आमच्या परवानगीशिवाय छापू नयेत असं आम्ही कधीतरी ठरवलं होतं आणि मग ते विसरलो होतो. आत नऊ प्रतिक्रिया पडून होत्या. आठ जाहिराती. नववी नोव्हेंबर २००७ ची, रोमन मराठीत, बिननावाची, एका ओळीची: त्या पोळ्या तूपण खाल्ल्यास.

खाल्ल्या होत्या. मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातून, कितीतरी वेळा.

म्हणजे पत्ता कुणालाच माहीत नाही असं आम्ही समजत होतो तेव्हा तो नेमका तिला माहीत होता. अठरा वर्षं ती ओळ छापली जायची वाट बघत त्या कप्प्यात बसून होती. ज्ञ फोनवर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तिचा नंबर मिळव.”

नंबर मिळाला, इस्लामपूरच्या एका ओळखीकडून. फोन ज्ञनं केला, मी ऐकत होते. माफी मागितली. पलीकडून फार काही आलं नाही. आई चार वर्षांपूर्वी गेली, एवढं सांगितलं. राग आहे की नाही ते कळेना, आणि ते विचारायचा आम्हाला अधिकारही नव्हता. तिनं एकच गोष्ट विचारली: “पुसलं तर मग शोधून कुणाला मिळणार नाही ना?”

आम्ही दोघी ‘नाही’ म्हणणार होतो. पण खरं उत्तर आम्हाला माहीत नव्हतं. ते शोधण्यात पुढचा महिना गेला.

इंटरनेटवरचं एक पान किमान तीन ठिकाणी असू शकतं. एक, जिथे लिहिलं तिथे. दोन, शोधयंत्राच्या यादीत. तीन, कुणीतरी काढून ठेवलेल्या प्रतींत. ही तिन्ही ठिकाणं वेगवेगळ्या लोकांच्या ताब्यात असतात आणि एक पुसलं म्हणून दुसरं पुसलं जात नाही. स्पेनमधल्या एका माणसाच्या प्रकरणात हे जगाला कळलं. १९९८ मध्ये एका वर्तमानपत्रात त्याच्या मालमत्तेच्या लिलावाची नोटीस आली होती. कर्ज फिटलं, पण नाव शोधलं की तीच नोटीस वर. मे २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की त्याचं नाव शोधल्यावर ती लिंक दाखवणं गूगलनं बंद करावं. वर्तमानपत्राचं पान मात्र जागेवरच राहिलं. ‘विसरलं जाण्याचा हक्क’ म्हणून गाजलेल्या निकालात पुसलं काय, तर रस्त्यावरची पाटी. घर तसंच.

आमच्या बाबतीत दुसरं ठिकाण सोपं होतं. पान बंद झाल्यावर शोधयंत्र पुढच्या फेरीत येऊन बघतं आणि नाव गाळतं, पण जुन्या, कुणी न उघडणाऱ्या पानांकडे ही फेरी उशिरा होते. तोवर शीर्षक आणि दोन ओळी यादीत दिसत राहतात. घाई असेल तर गूगलची `Refresh Outdated Content` नावाची सोय आहे. पान आपलं असायचीही गरज नाही, ते आता अस्तित्वात नाही एवढं दाखवलं की पुरे. आमच्या पानाच्या दोन ओळी त्यातून काही दिवसांत गेल्या.

तिसरं ठिकाण अवघड. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ ही अमेरिकेतली ना-नफा संस्था १९९६ पासून जगभरातल्या पानांच्या प्रती साठवते. ते सगळं ‘वेबॅक मशीन’वर कुणालाही बघता येतं. संशोधक आणि पत्रकार यांच्यासाठी हा खजिना आहे. बंद पडलेल्या कितीतरी मराठी संकेतस्थळांची पानं आज फक्त तिथेच उरली आहेत. आपल्याकडे गाथा इंद्रायणीत बुडवल्यावर तेरा दिवसांनी वर आल्याची कथा आहे. इंटरनेटच्या इंद्रायणीतून काय वर येईल हे मात्र पुण्याईवर ठरत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. हे टाइप करून पुढे आपल्या पानाचा पत्ता द्यायचा:

```
web.archive.org/web/*/
```

एक कॅलेंडर उघडतं. ज्या दिवशी प्रत घेतली त्या तारखेवर ठिपका असतो. आमच्या पत्त्यावर तीन ठिपके होते. मला वाटलं, तीनच ना, २१४ नोंदींपैकी तीन. चूक. डायरीचं मुखपृष्ठ ताज्या बऱ्याच नोंदी एकाखाली एक पूर्ण दाखवतं. शिवाय प्रत्येक नोंद स्वतःच्या पानावर, त्या महिन्याच्या पानावर आणि वर्गणीदारांसाठीच्या फीडमध्येही असते. एकच मजकूर चार पत्त्यांवर. पत्त्याच्या शेवटी आणखी एक `*` दिलं तेव्हा खरी यादी आली, आणि फेब्रुवारी २००८ च्या एका महिन्याच्या पानात पोळ्यांची नोंद पूर्ण होती. मुलीच्या नावासह.

प्रत काढून टाकायची विनंती संस्थेला ईमेलनं करता येते, info@archive.org या पत्त्यावर. पण विनंती करणारा त्या पानाचा खरा मालक आहे, हे त्यांनी कसं ओळखायचं? याचं सोपं उत्तर म्हणजे पानावरच तसं लिहून दाखवायचं. आणि त्यासाठी पान जिवंत असावं लागतं! रागाच्या भरात पहिल्याच रात्री डायरी उडवली असती तर ती आपली होती हे दाखवायचा सगळ्यात सरळ मार्ग आम्ही स्वतःच्या हातानं बंद केला असता. म्हणून क्रम महत्त्वाचा. आम्ही सगळ्या नोंदी निवडून `Revert to draft` केल्या, म्हणजे त्या आत गेल्या. मग डायरी पुन्हा `Public` केली आणि एकच नवी नोंद ठेवली: ही डायरी आम्ही काढून टाकत आहोत, जुन्या प्रतीही काढाव्यात, आणि खाली ज्या ईमेलवरून विनंती जाणार तो पत्ता. मग अख्ख्या पत्त्यासाठी विनंती पाठवली. एकेका पानासाठी नाही, कारण चारांपैकी एखादा पत्ता हमखास नजरेतून सुटतो.

मधल्या काळात मी कायदाही चाळला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. तो आमच्या उपयोगाचा असेल असं वाटलं होतं. पण तिसऱ्या कलमात अपवाद आहेत. स्वतःची माहिती जिनं स्वतःच जाहीर केली तिला हा कायदा लागू नाही, आणि तिथे दिलेलं उदाहरण चक्क ब्लॉग लिहिणाऱ्या बाईचं आहे. ते वाचून मला हसूच आलं. एखाद्या व्यक्तीनं खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापरही या कायद्याबाहेर आहे. त्या मुलीनं तर स्वतः काहीच जाहीर केलं नव्हतं, आम्ही केलं होतं. पण दोन शाळकरी मुलींच्या डायरीविरुद्ध तिला या कायद्याचा आधार कितपत मिळाला असता, याची मला शंकाच वाटते. तिचं नाव काढणं आमच्यावरच होतं.

१८ मे, रविवार. ज्ञ सांगलीला आली होती, मीही. तिच्या माहेरी त्याच खालच्या खोलीत बसून तिनं `Settings` उघडलं आणि `Remove your blog` दाबलं. डायरी नाहीशी झाली असं वाटतं, पण ती फक्त `Trash` मध्ये जाते आणि ९० दिवस तिथे राहते. तेवढ्यात मन बदललं तर परत आणता येते. तिथेच `Permanently delete` हेही असतं. ते दाबलं की सगळं तत्काळ आणि कायमचं.

तिचं बोट तिथे होतं. मी म्हटलं, “राहू दे की नव्वद दिवस.” तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आपल्याला राहू दे वाटतंय, तिचं काय?” आणि दाबलं.

वेबॅक मशीनवरची पानं जूनच्या अखेरीला दिसायची बंद झाली. तेव्हा आम्ही त्या मुलीला पुन्हा फोन केला आणि तिच्या प्रश्नाचं जेवढं खरं उत्तर आहे तेवढं दिलं: मूळ गेलं, शोधात येत नाही, अर्काइव्हमध्ये दिसत नाही. त्या काळात कुणी आपल्या मशीनवर उतरवून घेतलं असेल तर ते आमच्या हातात नाही. ती “बरं” म्हणाली.

नावं काढलेली प्रत एका पेनड्राइव्हवर आहे, फोटो धरून ४१ एमबी. फाईलला कुलूप आहे. पेनड्राइव्ह ज्ञकडे असतो, पासवर्ड माझ्याकडे.